‘स्टोनर’ : एक सत्रभर सोबत ठेवल्यावर

जॉन विल्यम्स यांची ‘स्टोनर’ (1965) मी जूनमध्ये, अ‍ॅडमिशनच्या धामधुमीत वाचायला घेतली. दिवाळीची सुट्टी संपत आली तरी ती अजून टेबलावरच आहे. मी नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. त्यामुळे ही कादंबरी मला गोष्टीपेक्षा स्टाफरूमसारखीच जास्त वाटत राहिली.

कथानक साधं आहे. शेतकऱ्याचा मुलगा स्टोनर मिसुरी विद्यापीठात शेतकी शिकायला येतो, साहित्याकडे वळतो आणि तिथेच जन्मभर शिकवतो. मी पुन्हापुन्हा उघडते ते चार्ल्स वॉकरच्या तोंडी परीक्षेचं प्रकरण.

वॉकर हा लोमॅक्स या वजनदार प्राध्यापकाचा लाडका विद्यार्थी. बोलणं फर्डं, पाया कच्चा. स्टोनरच्या सेमिनारमध्ये तो लेखी पेपर न देता बोलूनच वेळ मारून नेतो आणि नापास होतो. पुढे डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत लोमॅक्स त्याला त्याच्या आवडत्या विषयावर विचारत राहतो. वॉकर अडखळला की लोमॅक्स प्रश्न अशा रीतीने फिरवून विचारतो की उत्तर प्रश्नातच येतं आणि वॉकरला फक्त होकार भरायचा उरतो. मग स्टोनर अगदी प्राथमिक प्रश्न विचारतो, आणि वॉकरला एकही येत नाही. व्हायव्हा घेतलेल्या कुणालाही हे दृश्य नवं वाटणार नाही.

स्टोनर त्याला पास करायला तयार होत नाही. पुढे लोमॅक्स विभागप्रमुख होतो. स्टोनरची नोकरी पक्की असल्याने त्याला काढता येत नाही, म्हणून लोमॅक्स टाइमटेबल हाती घेतो. आवडते विषय जातात, पहिल्या वर्षाचे निबंधलेखनाचे वर्ग येतात, तेही अडनिड्या वेळी, आठवड्याचे सहाही दिवस विखुरलेले. कुठेही मेमो नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? संस्थेतलं वैर असंच कागदोपत्री स्वच्छ असतं, हे विल्यम्स यांनी अचूक टिपलंय. जुलैत आमचं टाइमटेबल लागलं तेव्हा सकाळचा पहिला आणि दुपारचा शेवटचा तास कोणाच्या वाट्याला गेला, हे मी वेगळ्या नजरेने पाहिलं.

अनेक वर्षांनी स्टोनर त्याच पहिल्या वर्षाच्या वर्गात मध्ययुगीन साहित्य शिकवायला लागतो. लोमॅक्स चिडतो, पण शेवटी त्याला त्याचे विषय परत द्यावे लागतात. हा भाग मला फार प्रिय आहे.

दोन गोष्टी मात्र खटकतात. वॉकर आणि लोमॅक्स दोघेही शारीरिक व्यंग असलेले दाखवलेत आणि ते त्यांच्या वाईटपणाला चिकटून येतं. शिवाय वॉकरची महत्त्वाकांक्षा आतून दिसतच नाही. गुरूच्या छत्राखाली वाढणाऱ्या विद्यार्थ्याची भीतीही खरी असते. माझ्या एम.ए.च्या वर्गात ती मला दर वर्षी दिसते, या पुस्तकात नाही.

इंग्रजी सोपं आहे. नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी निदान परीक्षेचं प्रकरण तरी वाचावंच.