रबाळ्यातल्या युनिटमध्ये आठ महिने: पाण्याला एक पंप, ग्लुकोजला दुसरा

रबाळे एमआयडीसीत आमचं खायच्या गोड गोळ्यांचं छोटं युनिट आहे. आधी सगळ्याला एकच १ एचपीचा सेंट्रीफ्युगल मोनोब्लॉक होता, पाणी मस्त खेचायचा, गरम साखरेचा पाकसुद्धा जायचा म्हणून वाटलं लिक्विड ग्लुकोज पण जाईल. नाही गेलं. मोटर फिरतेय, पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येतोय आणि वरच्या टाकीत नुसती धार. कारण इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, लिक्विडला नुसता वेग देतो आणि त्या वेगाचं प्रेशर होतं, ग्लुकोज पाण्यापेक्षा हजारो पट घट्ट, तो वेग घर्षणातच मरतो, आणि त्याआधी माल इम्पेलरच्या तोंडापर्यंत पोचायला तर हवा.

मग एसएसचा गिअर पंप घेतला, गिअरबॉक्स लावून साधारण २०० आरपीएमवर. हा दातांच्या खाचेत माल पकडून पुढे ढकलतो, एका फेरीला ठरलेला माल, त्यामुळे घट्ट असला तरी जातोच. मिनिटाला २० लिटर म्हणजे २० लिटरची बादली साठ सेकंदांत. पण पहिल्या आठवड्यात थंडीच्या सकाळी तोही उपाशी आवाज करत होता, माल पंपात आणणारं सक्शन जुनंच १ इंची ठेवलं होतं ना! २ इंची आणि आखूड केलं तेव्हा सुटला. अशा घट्ट मालाला पाइपचा व्यास दुप्पट केला की तेवढ्याच फ्लोला घर्षण सोळा पटीनं कमी होतं, म्हणून पैसे आधी इथे घाला.

दुसरी गोष्ट, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर सेंट्रीफ्युगल आतल्या आत घुसळत गरम होतो, गिअर पंप मात्र प्रेशर चढवतच जातो, पाइप किंवा सील फुटेपर्यंत. आमच्या ऑपरेटर दादांकडून एकदा बंद राहिला, प्रेशर वाढलं की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह होता म्हणून वाचलो. तरी तोही जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, तोच माल आत फिरून तापतो.

माझी खरी चूक धुण्यात झाली. रोज शिफ्ट संपल्यावर त्याच गिअर पंपाने अर्धा तास पाणी फिरवायचो. ग्लुकोज स्वतःच दातांना आणि बुशला वंगण देतं, पाणी देत नाही, दात आणि बॉडी दोन्ही घासली. पाच महिन्यांनी बादली लावली तर ग्लुकोजला ६२ सेकंद, म्हणजे वाटलं सगळं ठीक, आणि पाण्याला ८५! वाढलेल्या फटीतून पातळ पाणी मागे सटकतं, घट्ट माल सटकत नाही, त्यामुळे झीज ग्लुकोजवर दिसतच नाही.

आता गिअर पंपाला बायपास लाइन टाकलीय, धुण्याचं पाणी जुना मोनोब्लॉकच ढकलतो, गिअर पंप फक्त आतून स्वच्छ व्हावा म्हणून मिनिटभर फिरवतो. दर महिन्याला पाण्याची बादली लावून सेकंद भिंतीवर लिहितो, तीन महिन्यांत ८५ चे ८६ झालेत.