चष्म्याचा तीन वर्षांचा हिशेब: 11,800 म्हणून सांगितले, 18,750 गेले

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या चष्म्याच्या दुकानांत 'एकावर एक मोफत'ची पाटी पाहून आत शिरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. दुकानाचं नाव घेत नाही, कारण प्रकरण अजून संपलेलं नाही. पण हाच प्रकार दुसऱ्या कुठल्याही काउंटरवर होऊ शकतो.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे 4. सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, नाही. काउंटरवरच्या मुलाने दुकानाच्या पॅडवर दोन रकाने आखले. डावीकडे साधा चष्मा: फ्रेम 1,500, 1.56 इंडेक्सची हिरव्या कोटिंगची काच 1,400, एकूण 2,900. इंडेक्स म्हणजे काचेचा पदार्थ प्रकाश किती वळवतो तो आकडा; तो जितका जास्त, तितकी त्याच नंबरची काच कमी वक्र आणि पातळ. उजवीकडे त्याचा माल: फ्रेम 3,200, 1.67 ची पातळ काच ब्लू-कट आणि कोटिंगसकट 7,400, मोफत जोडीच्या कोटिंगचे 1,200, एकूण 11,800. मग म्हणाला, "पाहा ना ताई, साधा चष्मा वर्षभरात जातो. 2,900 गुणिले तीन, 8,700. तेही एकाच जोडीचे. आमच्याकडे दोन जोड्या आणि तीन वर्षांची वॉरंटी. महिन्याला 328 रुपये पडतात फक्त."

तो कागद आजही माझ्याकडे आहे आणि पाहिला की अंगाचा तिळपापड होतो. साधा रकाना त्याने तीनने गुणला, स्वतःचा एकदाच लिहिला. स्वस्त चष्मा दरवर्षी फ्रेमसकट मोडणार आणि महागाला तीन वर्षं काहीच होणार नाही, हे त्याने न बोलता धरून टाकलं. आकडा तिथेच अडायला हवा होता. पण समोरचा माणूस इतक्या सहजपणे बेरीज करत असतो, शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, डोळ्यांवर नवी फ्रेम चढवलेली असते आणि नंबरच्या काचेशिवाय आपल्याला तो कागद धड दिसतही नसतो. उणे 4 वाल्यांना कळेल मी काय म्हणते ते.

चष्म्यात टिकते ती फ्रेम, संपते ती काच. काचेवरचं कोटिंग म्हणजे प्लास्टिकवर चढवलेले अत्यंत पातळ, कडक थर. उष्णतेने खालचं प्लास्टिक जास्त फुगतं, वरचा थर तितका ताणला जात नाही, मग त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. नागपूरच्या मे महिन्यात चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटीच्या डिक्कीत राहिला की एवढं पुरेसं असतं. काच 1,400 ची असो की 7,400 ची, दोघींचं नशीब तेच. शिवाय नंबर बदलला तर महागडी काचही फेकावीच लागते. म्हणून तीन वर्षांचा हिशेब मांडायचा असेल तर फ्रेम एकदा धरा, काच दोनदा-तीनदा धरा, आणि हे दोन्ही रकान्यांत करा.

माझ्याकडे पुढचा उन्हाळा सरला आणि दिव्याभोवती धुकं दिसू लागलं. काच तिरकी धरली तर सगळीकडे भेगा. दुकानात गेले तर उत्तर मिळालं: तीन वर्षांची वॉरंटी फ्रेमच्या बिजागरीची, कोटिंगची 12 महिने, आणि त्यातूनही उष्णतेची हानी वगळून. बिलाच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. मग उपकार केल्यासारखी 'पन्नास टक्के सूट'. ती छापील किमतीवर, आणि छापील किंमत तोवर 9,000 झालेली. 4,500 काचेचे, 300 फिटिंगचे. मोफत जोडीचं कोटिंगही निघालं होतं, ती तशीच कपाटात पडली.

त्यानंतर फ्रेमची दांडी तुटली. बिजागरीपाशी नाही, मधोमध, म्हणून वॉरंटी नाही. मॉडेल बंद झालं होतं, सुटी दांडी मिळेना. कापलेली काच मोठ्या फ्रेममध्ये बसत नाही, फक्त लहान फ्रेमसाठी पुन्हा घासता येते. इतवारीतल्या एका जुन्या काकांकडे गेले. 1,900 ची लहान फ्रेम आणि काच घासायचे 250.

तिथेच सगळं उघडं पडलं. काकांनी काच हातात घेऊन विचारलं, "बाई, ही 1.67 म्हणून घेतली का?" त्यांच्याकडे तीन टोकांचं छोटं घड्याळासारखं यंत्र होतं, लेन्स क्लॉक. ते काचेची वक्रता मोजतं, आणि काच 1.53 इंडेक्सची आहे असं धरून आकडा दाखवतं. पुढून अधिक 2.25, मागून उणे 6, बेरीज उणे पावणेचार. काचेचा नंबर थेट मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर खरा नंबर उणे 4. खरी 1.67 असती तर वक्रता कमी लागली असती आणि बेरीज सव्वातीनच्या आसपास आली असती. पावणेचार म्हणजे 1.56. माझी जुनी, भेगाळलेली काचही मोजली. तीही तीच. दोनदा 1.67 चे पैसे दिले आणि दोनदा 1.56 मिळाली. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, माझ्या नंबरला मध्यम फ्रेमच्या कडेला फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी पडतो. इतक्या फरकासाठी उणे 4 ला 1.67 घ्यायची गरजच काय, हा प्रश्न वेगळाच.

ब्लू-कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवते म्हणून विकतात ती काच, तिचा खेळही सांगून ठेवते. ते जांभळट लेझर पेन काचेवर मारतात आणि 'पाहा, अडला' म्हणतात. त्या पेनचा प्रकाश साधारण 405 नॅनोमीटरचा. स्क्रीनचा निळा 450 च्या आसपास असतो. एकाला अडवलं म्हणजे दुसऱ्याला अडवलं असं होत नाही.

एकूण 11,800 अधिक 4,800 अधिक 2,150. 18,750 रुपये. साध्या चष्म्याची 1,500 ची फ्रेम आणि दरवर्षी नवी 1,400 ची काच घेतली असती तर तीन वर्षांत 5,700 लागले असते. जास्तीची जोडी 2,900 ची धरली तरी 8,600.

आता तक्रारीचं. ग्राहकांच्या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवली. त्यांनी ती दुकानालाच पाठवली, दुकानाने 'बिलाप्रमाणे माल दिला' असं उत्तर दिलं, आणि मला 'निकाली' असा मेसेज आला. एका शब्दाने कुणी मला विचारलं नाही! बिलावर काय लिहिलंय? 'थिन लेन्स विथ कोटिंग'. 1.67 हा आकडा फक्त त्या पॅडवरच्या कागदावर, त्यावर सही नाही. एका सरकारी कार्यालयात गेले, ते म्हणाले हे वजन-मापात बसत नाही. इंडेक्स हे माप नाही तर काय आहे? ज्या आकड्यावर 6,000 रुपये जास्त घेतले जातात तो तपासायची जबाबदारी कुणाचीच नाही? चौकीत तर 'मॅडम, हे दिवाणी आहे' म्हणून मान वर न करता सांगितलं. सगळ्यांचा सूर एकच, चष्म्यासाठी कशाला एवढं. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि 2019 च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, हे या तिन्ही ठिकाणी कुणी सांगितलं नाही. ओळखीच्या वकिलाने सांगितलं. अर्ज तयार आहे, पण मोजणी लेखी द्यायला काका कचरतात. त्यांनाही याच बाजारात धंदा करायचा आहे, त्यांचा राग नाही.

बिलावर इंडेक्सचा आकडा आणि कोटिंगचं नाव लिहून घ्या. काच ज्या कागदी पाकिटातून येते ते पाकीट मागा, त्यावर नंबर आणि इंडेक्स छापलेला असतो. 'फेकून दिलं' म्हणाले तर चष्मा न घेता थांबा. काच बदलून देताना जुनी काच परत मागतात, ती अजिबात देऊ नका. माझ्याकडे आज पुरावा म्हणून काही आहे तर ती भेगाळलेली जोडीच आहे, आणि तीसुद्धा 'लहान पोराला खेळायला नेते' म्हणून मागून आणली म्हणून.