सुरण आणि कुयरी: पातेलं बरं की कुकर?

सुरण चिरून झाला की पुढचा प्रश्न भांड्याचा. पातेल्यात उकळायचा की सरळ कुकर लावायचा? कच्च्या फणसाला, म्हणजे कोवळ्या कुयरीलाही हाच प्रश्न पडतो. दोन्ही भाज्या कुकरमध्येही केल्या आहेत आणि पातेल्यातही. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोलणं, हाताला तेल लावणं वगैरे तुम्हाला माहीतच असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

कुकरची बाजू सरळ आहे. वेळ कमी लागतो, गॅस वाचतो, आणि दुसऱ्या शेगडीवर पोळ्या करता येतात. आत वाफ कोंडली जाते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे, साधारण एकशेवीसपर्यंत तापतं, आणि पातेल्यात जे व्हायला वीस मिनिटं लागतात ते कुकरमध्ये पाच-सात मिनिटांत होतं. बटाट्याला किंवा तूरडाळीला मी कुकरशिवाय दुसरं काही वापरत नाही. सुरणाचं मात्र वेगळं आहे.

सुरण नुसता मऊ होऊन भागत नाही, तो आतपर्यंत मऊ व्हावा लागतो. त्याच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि तेच जिभेला, घशाला टोचतात. नीट शिजलेल्या, आंबट लागलेल्या फोडीत हा त्रास जाणवत नाही. पण फोडीच्या मध्यभागी वाटाण्याएवढा भाग कचवट राहिला, तर तेवढा एक घास घसा खवखवायला पुरतो. बटाटा थोडा कचवट राहिला तर तो फक्त चवीला कमी पडतो. सुरण कचवट राहिला की अख्खी भाजी बाजूला सारली जाते, आणि घरातली मुलं पुढे कितीतरी दिवस सुरणाला हात लावत नाहीत.

आता कुकरचं जे मला खटकतं ते सांगतो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला. कुकरमध्ये डोकावता येत नाही. दोन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, वाफ जिरेपर्यंत थांबलो, झाकण काढलं, की समोर येतात कडा विरघळलेल्या लहान फोडी, आणि त्यांच्यातच दोन-चार मोठ्या, ज्यांच्या पोटात सुरी अडकते. आता करायचं काय? परत शिट्टी काढावी तर लहान फोडींचा लगदा होतो. तसंच ठेवावं तर मोठ्या फोडी खाजतात. पातेल्यात हा प्रश्नच येत नाही. झालेल्या फोडी झाऱ्याने काढून घ्यायच्या, बाकीच्या पाच मिनिटं राहू द्यायच्या.

कोणी म्हणेल, फोडी सारख्या चिरा म्हणजे झालं. बरोबर आहे, पण सुरणाचा कंद असा वेडावाकडा असतो की कितीही जपून चिरलं तरी गोलाईकडचे तुकडे पाचरीसारखे निघतात, एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला पातळ. शिवाय जाडी आणि वेळ यांचं गणित सरळ नाही. उष्णता बाहेरून आत सरकत जाते, त्यामुळे फोड दुप्पट जाड झाली तर मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. दोन सेंटिमीटरच्या आणि चार सेंटिमीटरच्या फोडी एका कुकरमध्ये घातल्या, तर दोन्ही एकाच शिट्टीला नीट शिजणं अवघडच.

शिट्टी हे मापही तसं कच्चंच. तीन लिटरच्या कुकरची शिट्टी लवकर होते, पाच लिटरच्या भरलेल्या कुकरची उशिरा, आणि पहिल्या शिट्टीआधीच फोडी बऱ्यापैकी शिजलेल्या असतात. गॅस बंद केल्यावरही, वाफ जिरेपर्यंत, आत शिजणं चालूच राहतं. म्हणून एका घरच्या दोन शिट्ट्या दुसऱ्या घरी तीन ठरतात. पाककृतीत लिहिलेल्या शिट्ट्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

पातेल्याकडे झुकायला आणखी एक कारण आहे, आंबटाचं. खाज मोडायला आपण आमसुलं किंवा चिंच घालतो, आणि ती हवीतच. पण आंबट पाण्यात भाजी मऊ व्हायला जास्त वेळ घेते. बटाट्याच्या रस्स्यात टोमॅटो आधी पडला तर बटाटा लवकर शिजत नाही, हे अनेकांनी पाहिलं असेल, कारण तेच. कुकरमध्ये सगळं एकदमच घालावं लागतं, म्हणजे शिजवणारी वाफ आणि अडवणारी चिंच दोन्ही एका वेळी. पातेल्यात मी सुरण आधी नुसत्या मिठाच्या पाण्यात अर्धा शिजवतो आणि मग आमसुलं टाकतो. या क्रमाने फोड मऊही होते आणि खाजही राहत नाही, निदान माझा अनुभव तरी असा आहे.

अर्ध्या किलो सुरणाचं मी काय करतो ते सांगतो. साल जाड काढायची, कारण सालीखालचा थर जास्त खाजतो. फोडी दोन सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण अंगठ्याच्या पेराएवढ्या. पाचरीसारखे तुकडे निघाले तर जाड टोक वेगळं कापून घ्यायचं. फोडी बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी आधी उकळायचं, त्यात चमचाभर मीठ घालून फोडी सोडायच्या. पुन्हा उकळी फुटली की आच मध्यम करून घड्याळ लावायचं. आठ मिनिटांनी सहा-सात आमसुलं टाकायची, आणि बाराव्या मिनिटापासून फोडी बघायला लागायचं. बहुतेक वेळा पंधरा ते वीस मिनिटांत काम होतं. जुना, वाळत आलेला सुरण पंचवीस मिनिटंही घेतो.

बघायचं म्हणजे नुसती सुरी खुपसून भागत नाही, कारण धारदार सुरी कचवट सुरणातही शिरते. सगळ्यांत मोठी फोड बाहेर काढून मधोमध कापायची. शिजलेला गर कडेपासून मध्यापर्यंत एकाच रंगाचा आणि ओलसर दिसतो. मध्ये पांढुरका, कोरडा, पिठासारखा ठिपका दिसला तर अजून व्हायचंय. ठिपका नसेल तर चमच्याच्या पाठीने दाबायची. फोड न करकरता दबली पाहिजे. सगळ्यांत शेवटी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. खाज लगेच कळत नाही, मागाहून येते, त्यामुळे घाईत चाखून काही समजत नाही.

झाल्यावर पाणी ओतून टाकायचं, रश्श्यात वापरायचं नाही. विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं या पाण्यात उतरलेलं असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर हे पाणी ठेवूच नये, आणि सुरण किती खावा हेही डॉक्टरांना विचारून ठरवावं. कुकरच्या डब्यात वाफवला तर टाकायला पाणीच नसतं, जे काही असतं ते फोडीतच राहतं.

अर्थात सुरण कुठला, यानेही फरक पडतो. गजेंद्र नावाचा वाण फार कमी खाजतो. तो मिळाला तर कुकरची जोखीम घ्यायला हरकत नाही. गावठी, आतून गुलाबीसर सुरण असेल तर मी पातेलंच घेतो. उपवासाच्या भाजीसाठी किंवा कुस्करून वडे करायचे असतील तर लगदा झाला तरी चालतं, तेव्हाही कुकर समजू शकतो. काप करायचे असतील तर मात्र पातेल्याशिवाय पर्याय नाही. एक सेंटिमीटरचे काप सहा-सात मिनिटं उकळून, अजून आकार धरून असतानाच काढायचे, मग ते तव्यावर मंद आचेवर आतपर्यंत होतात.

कुयरीच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. तिला सुरणासारखी खाज नाही, आणि भाजीसाठी तिला शेवटी चेचायचंच असतं, त्यामुळे जास्त शिजली तरी नुकसान नाही. तिचा त्रास म्हणजे चिवट तंतू आणि चीक. पातेल्यात तिला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात कडा पाणी पितात नि मधला दांडा घट्टच राहतो. म्हणून कुकर. काटेरी साल काढून मोठे, तीन-चार बोटं रुंद तुकडे करायचे, हळद घातलेल्या पाण्यात टाकायचे म्हणजे काळे पडत नाहीत. मग पाणी निथळवून डब्यात भरायचे आणि डब्यात अर्धी वाटीच पाणी घालायचं. पाणी जास्त झालं तर भाजी ओली, बेचव होते. डब्याच्या काठाला आतून तेलाचं बोट फिरवलं की चीक चिकटत नाही.

पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून आठ-दहा मिनिटं, आणि मग वाफ आपोआप जिरू द्यायची. ज्यांना शिट्ट्याच मोजायच्या आहेत त्यांच्यासाठी, माझ्या कुकरला मध्यम आचेवर तीन होतात. तुकडा दोन बोटांत धरून ओढला की तंतू सुटे व्हायला हवेत. दांड्याकडचा भाग सुटला म्हणजे सगळंच झालं. नाही सुटला तर आणखी एक शिट्टी बिनधास्त काढावी. मग गरम असतानाच वरवंट्याने हलकं चेचायचं, गार झाली की तंतू एकमेकांना धरून बसतात.

फणस कोवळा नसेल, आत गरे धरले असतील, तर कुकर नको. गरे झाकण ठेवून कढईतच पंधरा-वीस मिनिटांत वाफवतात. आठळ्या मात्र वेगळ्या काढून, वरचं पांढरं साल सोलून, दोन तुकडे करून दोन-तीन शिट्ट्यांत आधीच शिजवून ठेवायच्या आणि गरे मऊ झाल्यावर त्यात मिसळायच्या. एकत्र घातल्या तर त्या शिजेपर्यंत गऱ्यांचा आकार राहत नाही.