18 हजार घेऊन "कंपनी बंद झाली" म्हणाला, कागद मात्र जीएसटीचा निघाला

मी आणि माझा मावसभाऊ, दोघांची पुण्यात छोटी प्रायव्हेट लिमिटेड होती, पॅकिंग मटेरियलची. फेब्रुवारी 2022 मध्ये काम थांबलं, गाळा सोडला. ओळखीतल्या एका कन्सल्टंटने कंपनी बंद करून देतो म्हणून 18 हजार घेतले आणि महिन्याभराने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, म्हणाला दादा झालं, आता काही भरायचं नाही. आम्ही प्रिंट काढून फाईलला लावली, नीट वाचलीच नाही. ते पत्र जीएसटी नंबर रद्द झाल्याचं होतं, बाकी काही नाही. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे कंपनी तशीच चालू.

जून 2024 ला रजिस्ट्रारची नोटीस आली, वार्षिक रिटर्न का भरले नाहीत म्हणून. कन्सल्टंट म्हणाला दोन्ही वर्षांचे सगळे फॉर्म भरावे लागतील, अजून 2 लाख द्या. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं आणि भावाने एका सीएंना गाठलं. त्यांनी mca.gov.in वर आमच्या कंपनीचा मास्टर डेटा, म्हणजे सरकारी नोंदीतली माहिती, उघडून दाखवला, फुकट दिसतो तो, स्टेटस Active! बंद करायचा अर्ज कधी केलाच नव्हता. खरा अर्ज म्हणजे एसटीके-2, त्याची सरकारी फीच 10 हजार, आणि अर्ज भरल्याची खूण म्हणून एसआरएन नंबर मिळतो. तो नंबर आम्ही कधी मागितलाच नाही.

सीएंनी सांगितलं की बंद करण्याआधी धंदा ज्या आर्थिक वर्षात थांबला तिथपर्यंतचे रिटर्न भरावेच लागतात, म्हणजे आमचं 2021-22. पुढच्या वर्षाचे नाहीत, पण रजिस्ट्रारने स्वतःहून नाव काढायची कारवाई सुरू केली असती तर सगळेच भरावे लागले असते. आमची नोटीस तशी नव्हती म्हणून वाचलो. हिशोबाचा फॉर्म एओसी-4 आणि वार्षिक रिटर्नचा एमजीटी-7ए, दोन्हींना रोज 100 रुपये लेट फी, जवळपास 600 दिवस, म्हणजे फक्त फीच 1 लाख 20 हजारांच्या आसपास. शिवाय दोघांची डायरेक्टर केवायसी राहिलेली, 5-5 हजार त्याचे. आणि सलग तिसऱ्या वर्षीही रिटर्न राहिले असते तर दोघं 5 वर्षं कुठल्याच कंपनीत डायरेक्टर होऊ शकलो नसतो.

नोटिशीला उत्तर दिलं, मग बँक खातं बंद केलं, देणी शून्य केली, सीएंनी ताळेबंद करून दिला, तो अर्जाच्या दिवशी 30 दिवसांपेक्षा जुना चालत नाही, आमचा एकदा जुना झाला आणि परत करावा लागला. उद्या कुणाचं देणं निघालं तर आम्ही भरू असा नोटरी केलेला बॉण्डही दोघांनी दिला.

18 हजार परत मिळाले नाहीत, फोन उचलत नाही तो. त्याने "बंद करून दिलेल्या" अजून दोघांना मी मास्टर डेटा बघायला सांगितलं, दोन्हीकडे Active.