शेवटची बोली: शून्य की दोन?

चवथीला फोंड्याला भावंडं जमली की काचुफुल रंगतं: पत्त्यांच्या या खेळात आपण किती हात करणार ते आधी बोलायचं आणि नेमके तेवढेच करायचे. वाटणारा शेवटी बोलतो आणि बोल्यांची बेरीज त्या डावाच्या हातांइतकी होऊ द्यायची नाही.

परवा पाच-पाच पानं, हुकूम इस्पिक. तिघं बोलले एक, दोन, एक. माझ्याकडे बदाम राजा, चौकट ६ आणि ३, किलवर ४ आणि २. एक म्हणायचं होतं, पण तेच बंद.

दोन म्हटलं तर बेरीज सहा. मग प्रत्येक जण हातासाठी भांडणार. आणि राजा धरला तरी दुसरा हात कुठून आणणार?

शून्य म्हटलं तर बेरीज चार. एक हात नकोसा होतो आणि तो माझ्या गळ्यात मारायला तिघेही टपलेले. तरी मी शून्य घेतलं, कारण माझ्याकडे इस्पिक नव्हतं. इस्पिकची पहिली उतारी आली की राजा त्यावर टाकून मोकळं व्हायचं. भीती एकच, त्याआधी बदाम आला तर. तिसऱ्या हाताला ताईनं इस्पिक उतरलं, राजा गेला!

चौक्याच्या जागी इस्पिक गुलाम असता तर मात्र दोनच. हुकमाचं मोठं पान टाकून द्यायला त्यावर आणखी मोठा हुकूम पडावा लागतो.