पंचविशीत एचपीव्हीची लस: चारवाली, नऊवाली, की नुसती पॅप?

मुलगी पंचवीस वर्षांची, हिंजवडीत नोकरी, डिसेंबरात लग्न. ओपीडीत बसल्यावर आधी दाराकडे बघितलं आणि मग म्हणाली, "मॅडम, माझे संबंध आलेत. दोन जण. आता लस घेऊन काही उपयोग आहे का?"

आमच्याकडे हा प्रश्न "लग्न झालंय का?" असा आडून विचारायची पद्धत आहे. अविवाहित मुलगी "नाही" म्हणते, खरी माहिती कागदावर येतच नाही. लशीपुरतं त्याने बिघडत नाही, कारण डोस तेवढेच. तपासणी कधी सुरू करायची हे ठरवताना मात्र बिघडतं. म्हणून तिने सांगितलं हे बरं झालं.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या: चार प्रकारांवरची लस, नऊ प्रकारांवरची लस, किंवा लस सोडून फक्त तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून बघायची पॅप.

आधी उपयोगाचं बघू. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा, संबंधांतून पसरणारा विषाणू. लस त्याला पेशीत शिरण्याआधी अडवते, आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. त्यामुळे आधी झालेल्या संसर्गावर ती औषध नव्हे. पण एचपीव्ही म्हणजे एक विषाणू नाही, पुष्कळ प्रकारांचं कुटुंब आहे. एका प्रकाराची गाठ पडली म्हणून बाकीच्यांचीही पडली असं होत नाही. चार प्रकारांवरच्या लशीच्या मोठ्या चाचण्यांत 16 ते 26 वयाच्या, आयुष्यात जास्तीत जास्त चार जोडीदार झालेल्या बायका होत्या. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणींना लशीतल्या चारपैकी एकाही प्रकाराचा संसर्ग झालेला नव्हता. चारही झालेल्या अगदी विरळा.

तरी "उशीर झालेला नाही" असं मी सरसकट म्हणणार नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत, ज्यांना 16 किंवा 18 हे प्रकार आधी शिवले नव्हते आणि ज्यांनी तिन्ही डोस घेतले, त्यांच्यात या दोन प्रकारांमुळे होणारे कर्करोगापूर्वीचे गंभीर बदल 98 टक्क्यांनी कमी झाले. आधीच संसर्ग असलेल्या बायकाही हिशेबात धरल्या तर तोच आकडा 44 वर आला. लस तीच होती, ती पोचली तेव्हा घरात कोण शिरलं होतं एवढाच फरक.

प्रत्यक्ष कर्करोगाचं चित्रही तसंच आहे. स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाचा कर्करोग 88 टक्के कमी आढळला, 17 ते 30 वयात घेतलेल्यांत 53 टक्के. डेन्मार्कमध्ये विशीनंतर घेतलेल्यांत फायदा दिसलाच नाही. आधीच बाधा झालेल्या किंवा जास्त धोका असलेल्या बायका त्या वयात स्वतःहून लस घ्यायला पुढे आल्या असतील, हे त्याचं एक कारण असू शकतं. तरी तो आकडा लपवून तुम्हाला लस विकणं बरोबर नाही. पंचविशीत पैसे मोजताना शाळकरी मुलीला मिळतं तेवढं संरक्षण मिळणार नाही. निम्म्याच्या आसपास मिळेल अशी आशा धरावी.

आता चार की नऊ. पुण्याच्या सीरमची 'सर्व्हाव्हॅक' 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांवर आहे. पहिले दोन गुप्तांगावरच्या चामखिळीचे, नंतरचे दोन कर्करोगाचे. 'गार्डासिल 9' मध्ये 31, 33, 45, 52 आणि 58 हे आणखी पाच कर्करोगकारक येतात. जगभरात गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कर्करोगांमागे 16 आणि 18 असतात, नऊवाली हा आकडा 90 च्या आसपास नेते. भारतात मात्र 16 आणि 18 चा वाटा 70 हून जास्त, साधारण ऐंशीच्या घरात आढळतो. म्हणजे वाढीव पाच प्रकारांचा फायदा इथे आहे, पण परदेशी तक्त्यात दिसतो तेवढा नाही.

आणि किंमत बघा. सर्व्हाव्हॅकचा डोस साधारण दोन हजारांना, नऊवालीचा दहा-अकरा हजारांना. तीन डोसांचे एकीकडे सहा हजार, दुसरीकडे तीस हजारांच्या वर. तिचा पगार बरा होता, पण लग्नाचा खर्च डोक्यावर होता. मी तिला चारवाली सुचवली. पैसे जाणवत नसतील तर नऊवाली घ्यावी, त्यात चूक काहीच नाही. पण नऊवालीसाठी पैसे साठवत वर्ष-दोन वर्षं थांबणं मला पटत नाही. शिवाय सर्व्हाव्हॅकची मंजुरी 9 ते 26 वयासाठी आहे.

फक्त तपासणी ही वाट कमी लेखू नका. उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. पण तो वयोगट तीसच्या पुढचा होता. पंचविशीत एचपीव्ही चाचणी केली तर ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते आणि वर्ष-दोन वर्षांत संसर्ग आपला आपण निघून जातो. मधल्या काळात झोप उडते आणि नको तेवढ्या तपासण्या मागे लागतात. म्हणून तिला आता साधी पॅप, मग दर तीन वर्षांनी एकदा, आणि तिशीनंतर एचपीव्ही चाचणी असं सांगितलं. लस घेण्याआधी एचपीव्ही चाचणी करायची गरज नाही, निकाल काहीही आला तरी सल्ला बदलत नाही. लस घेतली म्हणून पॅप सुटते असंही नाही.

राहिलं वेळापत्रक. पंधरा वर्षांनंतर लशीवरच्या माहितीप्रमाणे तीन डोस असतात: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. (जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून एकविशीपुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसही पुरे मानते, पण मी तिन्ही देते.) पहिला 5 जूनला दिला तर दुसरा 5 ऑगस्टला आणि तिसरा 5 डिसेंबरला, म्हणजे नेमका मेंदीच्या आठवड्यात. त्यातून वाट निघते. दुसऱ्या-तिसऱ्यात किमान बारा आठवडे आणि पहिल्या-तिसऱ्यात किमान पाच महिने हवेत. 5 नोव्हेंबरला तिसरा दिला की दोन्ही अटी पाळल्या जातात. तो चुकून लांबला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

गरोदरपणात मात्र लस देत नाहीत. मध्येच दिवस राहिले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे. आधी घेतलेल्या डोसामुळे गर्भ पाडण्याचं कारण नाही. यीस्टची जोरदार ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. दंड एक-दोन दिवस दुखतो. कुणाकुणाला सुईनंतर भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतो.

निघताना तिने विचारलं, "मॅडम, मेडिकलमधून स्वस्तात मिळतेय, घेऊन येऊ का?" ही लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. दुपारच्या उन्हात स्कूटीच्या डिकीतून आलेल्या सुईचं मी काय करणार? तिला म्हटलं, इथे फ्रिजमधली घे, आणि 5 ऑगस्टची आठवण आत्ता माझ्यासमोर मोबाईलमध्ये लाव.