नव्या रॉयल्टीवर कर: आगाऊ निर्णय की रिटर्नमध्ये खुलासा?

सोलापूरच्या टॉवेल कारखानदाराने जकार्ड डिझाइन जर्मन कंपनीला वापरायला दिलं, दर विक्रीमागे रॉयल्टी येऊ लागली. हे धंद्याचं उत्पन्न की 'इतर स्रोत'?

व्यवहारावर कर कसा लागेल हे आधीच सांगणाऱ्या आयकराच्या आगाऊ निर्णय मंडळाकडे निवासी करदात्याला स्वतःच्या करासाठी तेव्हाच जाता येतं, जेव्हा व्यवहाराची एकूण रक्कम १०० कोटी रुपये किंवा जास्त असते. म्हणजे इथे दार बंदच. जीएसटीचा आगाऊ निर्णय छोट्या व्यापाऱ्यालाही मिळतो, म्हणून गफलत होते; आयकरात तो चालत नाही. शिवाय मंडळाचा निर्णय आता बंधनकारक नाही, त्यावर उच्च न्यायालयात अपील होतं.

उरतो खुलासा. सीएचं लेखी मत रिटर्नआधीच्या तारखेचं हवं, सोबत करार आणि बँकेची नोंद. रक्कम पूर्ण दाखवली, तथ्यं उघड केली आणि स्पष्टीकरण प्रामाणिक असेल, तर कर वाढला तरी ५० टक्के दंड टाळता येतो. व्याज मात्र भरावंच लागतं.